व्हिएतनामचं सिम उडवायला गेले आणि स्वतःचाच नंबर उडवून बसले

परवाच सगळं निस्तरलंय तोवर लिहून टाकते, नंतर मला पण आठवणार नाही काय काय झालं ते.

माझ्या आयफोनात दोन नंबर आहेत. ऑफिसचा नंबर साध्या प्लास्टिकच्या सिमवर आणि माझा स्वतःचा, कॉलेजपासूनचा नंबर ई-सिमवर. दोन वर्षांपूर्वी ऑफिसनं सिम दिलं तेव्हा ट्रे मध्ये एकच जागा होती म्हणून माझा नंबर ई-सिम करून घेतला होता, आणि त्यानंतर ते विसरून पण गेले होते कारण काही त्रासच नव्हता. बँक, आधार, गॅस, सोसायटीचं ॲप, सगळं त्याच नंबरवर.

आता आम्ही आठ दिवस व्हिएतनामला गेलो होतो. तिथं इंटरनेटसाठी टुरिस्ट लोकांचं ई-सिम ऑनलाईन घेतलं, क्यूआर स्कॅन केला, झालं. आणि रोमिंगचं बिल नको म्हणून माझी स्वतःची लाईन सेटिंगमध्ये जाऊन बंद केली, म्हणजे फक्त ते हिरवं बटण ऑफ केलं. इथपर्यंत सगळं बरोबर होतं बरं का.

परत येताना रात्री दोनला मुंबईत उतरलो, पुण्याची कॅब पकडली, नवरा आणि पोरगं दोघं गाढ झोपले आणि मी एक्सप्रेसवेवर झोप येईना म्हणून फोन साफ करायला बसले. फोटो उडवले, स्क्रीनशॉट उडवले आणि मग वाटलं ते व्हिएतनामचं सिम पण उडवावं, उगाच यादीत दिसतंय. सेटिंगमध्ये मोबाईल सर्व्हिस उघडलं तर तिथं तीन ओळी. एक प्रायमरी, ती ऑफिसची, चालू. खाली सेकंडरी, तिच्यापुढं ऑफ. त्याखाली ट्रॅव्हल, तिच्यापुढं पण ऑफ, कारण उतरल्या उतरल्या मीच ती बंद केली होती. आणि साडेतीन वाजता माझ्या डोक्यात असं बसलं की सेकंडरी म्हणजे नंतर आलेलं, उपरं, म्हणजे तेच व्हिएतनामचं. ट्रॅव्हल हे नाव फोननं दिलं का मी दिलं तेही आठवत नव्हतं, म्हटलं पूर्वी कधीतरी माझ्या नंबरला दिलं असेल. सेकंडरी उघडलं, खाली लाल अक्षरात Delete eSIM, दाबलं, त्यानं विचारलं खरंच का, परत दाबलं. तो विचारतो हं, असं नाही की विचारत नाही, पण आपण वाचतो कुठं.

घरी आलो, झोपलो. सकाळी अकराला आईचा फोन नवऱ्याच्या मोबाईलवर. "अगं तुझा फोन बंद येतोय, पोचलात का नाही?" मी म्हटलं चालू आहे की, व्हॉट्सॲप पण येतंय. आणि तेवढ्यात पोटात गोळा आला. सेटिंग उघडलं तर ट्रॅव्हल तसंच बसलेलं आणि माझा नंबर गायब.

पहिल्यांदा वाटलं काही नाही, क्यूआर आहे की आपल्याकडं. दोन वर्षांपूर्वीची ईमेल मी जपून ठेवली होती, तिची पीडीएफ पण केली होती, स्वतःच्या हुशारीवर खूष होते. लॅपटॉपवर उघडली, स्कॅन केली. फोननं सांगितलं की हा कोड आता चालत नाही, नव्या कोडसाठी कंपनीशी बोला. तीनदा केलं. फोन बंद करून चालू करून केलं. मग आयक्लाउडच्या बॅकअपवरून येईल का म्हणून बघायला लागले, आणि तो उद्योग करण्याआधी माझ्या आतेभावाला फोन लावला हे बरं झालं, तो टेलिकॉममध्ये आहे.

त्यानं जे सांगितलं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून नीट लिहिते. तो म्हणाला नंबर कुठं गेला नाही, नंबर फोनमध्ये नसतोच मुळी. नंबर कंपनीच्या वहीत असतो, की हा दहा आकडी नंबर अमक्या माणसाच्या नावावर आणि सध्या तमक्या सिमला जोडलेला. फोनमधल्या चिपवर जी ई-सिम उतरवलेली असते, तिला प्रोफाईल म्हणतात, ती फक्त तुझी ओळख पटवायची चीज आहे. घरातला गॅसचा रेग्युलेटर हरवला तर कनेक्शन जातं का? एजन्सीच्या वहीत ग्राहक नंबर असतोच, ते ओळखपत्र बघून दुसरा रेग्युलेटर देतात. तसंच. तू रेग्युलेटर फेकून दिलायस. प्लॅन चालू आहे, व्हॅलिडिटी चालू आहे, बिल असेल तर ते पण चालूच राहणार. बाहेरून कुणी फोन केला तर त्याला फक्त स्विच ऑफ किंवा कव्हरेजबाहेर असं ऐकू येणार.

मग मी म्हटलं क्यूआर का चालत नाही, तो तर आहे माझ्याकडं. तर तो म्हणाला क्यूआरमध्ये सिम नसतंच. त्यात असतं एवढंच, आणि त्यानं मला असं काहीतरी टाईप करून पाठवलं (हा नमुना आहे, खरा कोड नाही):

```
LPA:1$smdp.example.com$AB12-CD34-EF56
```

पहिल्या डॉलरनंतर कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता आणि दुसऱ्यानंतर टोकन. फोन त्या पत्त्यावर जातो, टोकन दाखवतो, सर्व्हर प्रोफाईल देतो आणि आपल्याकडं लिहून घेतो की हे टोकन वापरलं गेलं. प्रसादाचं कुपन जसं काउंटरवर फाडून घेतात तसं, अर्धं फाडलेलं कुपन दोन वर्ष जपून ठेवून काय उपयोग. आणि हे मुद्दाम असं असतं, नाहीतर कुणीही माझ्या मेलमधला क्यूआर घेऊन माझा नंबर त्याच्या फोनवर उतरवेल. बॅकअपमध्ये पण प्रोफाईल नसते, ती त्या चिपवरच असते आणि तिथून पुसली की पुसली. म्हणजे बॅकअप रिस्टोअर करत बसले असते तर अर्धा दिवस आणि वर व्हॉट्सॲप पण गेलं असतं.

त्यानं दुसरी गोष्ट निक्षून सांगितली की आता काहीही लॉगआउट करू नकोस, कुठलंही ॲप काढून परत टाकू नकोस. व्हॉट्सॲप चालू आहे कारण ते पूर्वीच नंबर तपासून बसलंय, त्याला रोज सिम लागत नाही, पण एकदा बाहेर पडलीस की परत आत यायला एसेमेस लागणार आणि तो येणार नाही. माझं एक यूपीआय ॲप तसंच चालू राहिलं, दुसऱ्यानं उघडल्या उघडल्या नंबर व्हेरिफाय करा म्हणून अडवलं, मी तिथंच बॅक दाबलं आणि त्याला हात लावला नाही.

मग कंपनी. (कुठली ते सांगत नाही, कुठलीही असती तरी फार फरक पडला नसता.) ई-सिम परत मागवायची सोय खरं तर मेसेजवर असते. एअरटेलवाले `eSIM` लिहून पुढं ईमेल लिहून १२१ ला पाठवतात, जिओवाले `GETESIM` लिहून पुढं फोनमधल्या ई-सिम चिपचा ३२ आकडी नंबर म्हणजे ईआयडी आणि फोनचा स्वतःचा १५ आकडी नंबर म्हणजे आयएमईआय लिहून १९९ ला. पण गंमत बघा, हा मेसेज त्याच नंबरवरून गेला पाहिजे. साधं सिम असताना ई-सिम करायला हे छान आहे, पण सिमच नाही तर मेसेज पाठवायचा कशावरून. कंपनीच्या ॲपमध्ये मी लॉगिन होते, तिथं पण पर्याय सापडला, पुढं पुढं गेले आणि शेवटी ओटीपी पाठवला म्हणाला. कुठं पाठवला? त्याच नंबरवर. विहिरीत पडलेल्या माणसाला सांगायचं की वर येऊन दोर घेऊन जा.

कस्टमर केअरला ऑफिसच्या नंबरवरून लावला. बाई चांगली होती, तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली मॅडम प्रोफाईल डिलीट झाली असेल तर फोनवर नाही होणार, सिम रिप्लेसमेंट करावी लागेल, ज्यांच्या नावावर कनेक्शन आहे त्यांनी स्वतः ओरिजिनल आधार घेऊन कंपनीच्या स्टोअरला जायचं. मी म्हटलं जाते, माझंच आहे. ती थांबली, आणि म्हणाली मॅडम इथं नाव पुरुषाचं दिसतंय.

हा नंबर २०११ साली कोल्हापुरात घेतलेला, मी बारावी झाले तेव्हा, बाबांच्या नावावर. तेव्हा कोण बघत होतं कुणाच्या नावावर, बाबांनी लाईट बिलाची झेरॉक्स आणि फोटो दिला आणि सिम आणून माझ्या हातात दिलं. पंधरा वर्षं मी त्याला माझा नंबर म्हणतेय आणि कागदावर तो कधी माझा नव्हताच.

तरी मी संध्याकाळी घराजवळच्या स्टोअरला जाऊन आले, म्हटलं आपण मुलगी आहोत, लग्नाआधीचं आधार आहे, बाबांचा आधारचा फोटो आहे मोबाईलमध्ये, बाबांना व्हिडिओ कॉल लावते. काउंटरवरच्या पोरानं मान हलवली. रिप्लेसमेंटला मालकाची जागेवर केवायसी लागते, बोट मशीनवर ठेवायला माणूस पाहिजे, आणि ते नसेल तर मशीनसमोर त्याचा तिथल्या तिथं फोटो काढावा लागतो. फोटोचा फोटो चालत नाही. पूर्वी कागदावर सही शिक्के करून काहीतरी व्हायचं पण कागदी केवायसी १ जानेवारी २०२४ पासून बंदच झालीय. मला तेव्हा राग आला होता पण नंतर विचार केला की त्यानं मला दिलं असतं तर उद्या दुसऱ्या कुणालाही दिलं असतं.

एक बरं त्यानं केलं. म्हणाला बाबांकडं जाताना फोन घेऊन जा, उगाच त्यांना एकट्यांना पाठवू नका. आणि डायल पॅडवर `*#06#` दाबायला लावलं. त्यावर ईआयडी आणि आयएमईआय दोन्ही येतात, सिम नसलं तरी येतात, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा म्हणाला, तिथं विचारतात. माझ्या फोनवर दोन आयएमईआय दिसले, त्यानं खूण करून दिली की ई-सिमचा कुठला.

मधल्या काळात एक भलतीच गोष्ट झाली ती सांगते. मी चिडून सोशल मीडियावर कंपनीला टॅग करून लिहिलं होतं की माझं ई-सिम गेलंय, स्टोअरवाले दाद देत नाहीत. वीस मिनिटांत एकाचा मेसेज, कंपनीचा लोगो लावलेला, मॅडम आम्ही घरबसल्या करून देतो, ऑफिसचा नंबर द्या, एक क्यूआर येईल तो आम्हाला पाठवा म्हणजे व्हेरिफाय करतो. वरती सांगितलं ना क्यूआर म्हणजे टोकन. त्याला पाठवला असता तर माझी प्रोफाईल त्याच्या फोनवर उतरली असती. सकाळी आतेभावाशी बोलले नसते तर मी पाठवला पण असता, खोटं कशाला बोलू, त्या वेळी कुणीही मदत करतो म्हटलं तर बरं वाटत होतं. पोस्ट काढून टाकली.

रविवारी स्वारगेटवरून एसटीनं कोल्हापूर. बाबा स्टँडवर आले होते, पहिलं वाक्य, "काय गं, नंबर पुसलास व्हय?" आईनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

सोमवारी साडेदहाला स्टोअरमध्ये पहिला नंबर लावला. बाबांनी ओरिजिनल आधार काढून ठेवलं, काउंटरवरच्या मुलीनं मशीन पुढं केलं, बाबांनी अंगठा ठेवला. लाल. परत ठेवला. लाल. दुसरा अंगठा, लाल. बाबांनी तीस वर्षं शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत काढलीत, त्यांच्या बोटांवर रेषा राहिल्यातच कुठं. रेशनच्या दुकानात पण हेच होतं म्हणे, मला माहीतच नव्हतं. ती मुलगी सवयीची होती, तिनं ओला रुमाल दिला, बोटं पुसायला लावली आणि म्हणाली काका अंगठाच पाहिजे असं काही नाही, दहापैकी कुठलंही चालतं, करंगळीच्या शेजारचं ठेवा, ते कामाला कमी लागतं. डाव्या हाताची अनामिका ठेवली आणि हिरवं. बाबा हसले, "हे बोट कायम रिकामंच हुतं."

आता तिनं विचारलं काय पाहिजे, साधं सिम की ई-सिम. इथं एक विचार करायला लागतो. साधं सिम ती तिथंच हातात देते, दुसऱ्या कुठल्याही फोनमध्ये घालून चालू करता येतं, आणि पहिला दिवस गेला की पुढं कधीही मेसेज पाठवून त्याचं ई-सिम करता येतं कारण आता मेसेज पाठवायला नंबर जिवंत असतो. बाबा एकटे गेले असते आणि मी पुण्यातच असते तर हाच रस्ता बरा होता, सिम कुरियरनं आलं असतं. पण मी फोन घेऊन समोर होते, त्यामुळं सरळ ई-सिम म्हटलं. तिनं ईमेल विचारला, रेकॉर्डला होता तो माझा कॉलेजच्या वेळचा, ज्याचा पासवर्ड मला आठवत नाही आणि तो परत मिळवायचा ओटीपी कुठं येणार ते तुम्हीच सांगा. बाबांची केवायसी झालेली असल्यानं तिनं नवा ईमेल घातला, बाबांच्या स्वतःच्या नंबरवर एक ओटीपी आला तो सांगितला, आणि सिम बदलायचे थोडे पैसे घेतले.

दहा मिनिटांत मेल आली. आता क्यूआर त्याच फोनवर आला की स्कॅन कसा करणार हा एक नेहमीचा घोळ आहे. नव्या आयओएसमध्ये क्यूआरच्या चित्रावर बोट दाबून धरलं की ई-सिम जोडायचा पर्याय येतो, पण माझ्याकडून काही ते वेळेवर झालं नाही, हात थरथरत होता. मी मेल बाबांच्या फोनवर पाठवली आणि त्यांच्या स्क्रीनवरून स्कॅन केलं, स्टोअरच्या कॉम्प्युटरवर उघडली नाही. आणि काम झाल्यावर बाबांच्या फोनवरून काढून टाकली, तशी ती आता फाडलेलं कुपनच आहे म्हणा. स्कॅन करताना इंटरनेट चालू पाहिजे, ते ऑफिसच्या सिमवर होतं. डाउनलोडला मिनिटभर लागला, मग लाईन दिसायला लागली पण नो सर्व्हिस. मुलगी म्हणाली दोन तासापर्यंत थांबा, आणि तोवर काहीही झालं तरी डिलीट करू नका. हे तिनं दोनदा म्हटलं, बहुतेक लोक करत असणार.

पाऊण तासानं, साडेबाराच्या सुमारास, आम्ही मिसळ खात होतो तेव्हा दांड्या आल्या. बाबांनी समोर बसून मला फोन लावला, वाजला, मी उचलला, दोघं एका टेबलावर बसून हॅलो हॅलो करतोय. मालक बघत होता.

मी लगेच बँकेचं ॲप उघडलं. ओटीपी पाठवला. आला नाही. परत मागवला. नाही आला. त्या अडलेल्या यूपीआय ॲपला म्हटलं कर व्हेरिफाय, ते तुमच्या सिमवरून एक मेसेज पाठवतं, तो जाईना. आयमेसेज आणि फेसटाईम ॲक्टिव्हेशनची वाट बघतोय म्हणून गोल फिरत बसलेलं. फोन येतोय जातोय, इंटरनेट चालतंय आणि मेसेज एक नाही. मला खात्रीच झाली की प्रोफाईल अर्धवट उतरलीय, आणि खरं सांगते माझं बोट परत त्या लाल अक्षरांवर गेलं होतं. काढून परत स्कॅन करावं असं वाटलं. बाबा म्हणाले, "त्या पोरीनं काय सांगिटलंतं?" म्हणून हात मागं घेतला आणि स्टोअरला परत गेलो.

तिथं कळलं की हे असंच असतं. सिम बदललं की पहिले २४ तास एसेमेस येणं आणि जाणं दोन्ही बंद ठेवायचं हा दूरसंचार खात्याचा नियम आहे, २०२२ पासूनचा. कारण चोर हेच करायचे, कुणाच्या तरी नावानं खोटी कागदं देऊन डुप्लिकेट सिम काढायचे, खऱ्या माणसाचा फोन बंद पडायचा, त्याला वाटायचं रेंज गेली असेल, आणि तोपर्यंत रात्रीत ओटीपी घेऊन खातं साफ. आता २४ तास मिळतात म्हणजे खरा माणूस तक्रार तरी करू शकतो. नियम चांगला आहे पण आम्हाला आधी सांगायला काय जातं, सिम देताना एक वाक्य. तर कॉल चालतोय, नेट चालतंय आणि फक्त मेसेज नाही, असं दिसलं तर सिम बिघडलेलं नाही, घड्याळ बघायचं. आणि त्या दिवशी कुणाला हॉस्पिटलचं बिल, तिकीट असं काही ओटीपीवर भरायचं असेल तर दुसऱ्याच्या खात्यावरून सोय करून ठेवायची, मी नवऱ्याला सोसायटीचा मेंटेनन्स भरायला सांगितला.

मंगळवारी साडेबारा वाजून गेल्यावर बँकेला हात लावायच्या आधी बाबांना साधा एसेमेस पाठवायला सांगितला. "आला का" एवढाच. एकला दहा कमी असताना आला. मग एकेक करून सगळं लावलं, आधी बँकेचं ॲप, मग यूपीआय. तिथं बँकेच्या ॲपनं सांगितलं की सिम बदलल्यामुळं पहिला दिवस ५,००० रुपयांपर्यंतच पाठवता येतील, ते पुढच्या दिवशी आपोआप सुटलं. आयमेसेज स्वतःचं स्वतः चालू झालं.

रागाच्या भरात मी पोर्ट करून दुसऱ्या कंपनीत जायचं पण ठरवलं होतं, पण ते पण लगेच होत नाही. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यानंतर सात दिवस पोर्टिंगचा कोडच देत नाहीत, तेच कारण, चोर डुप्लिकेट सिम काढून नंबरच दुसरीकडं पळवायचे. सात दिवसात राग शांत होतो हा त्याचा दुसरा फायदा असावा.

माझी एक मैत्रीण ऐकून घाबरली, ती जर्मनीत आहे आणि तिचा इथला नंबर पण ई-सिमवर आहे, फक्त बँकेच्या ओटीपीसाठी ठेवलेला. तिचं असं झालं तर ती इथं येईपर्यंत काही नाही होणार, मालक समोर पाहिजे म्हणजे पाहिजे. तोवर एवढंच करता येतं की इथून कुणीतरी रिचार्ज चालू ठेवायचा. प्रीपेड नंबर नुसता पडून राहिला म्हणून ९० दिवसांच्या आत कंपनीला बंद करता येत नाही, आणि त्यानंतर पण खात्यात २० रुपये असतील तर ते कापून महिना महिना पुढं ढकलतात. म्हणजे नंबर दुसऱ्या दिवशी कुणाला वाटून टाकत नाहीत, वेळ असतो. पण खात्यावर रिचार्ज बाहेरून कुणालाही करता येतो तर नव्वद दिवस मोजत कशाला बसायचं.

नंबर माझ्या नावावर करायचं पण विचारलं तिथं. त्याला बाबांची आणि माझी दोघांची केवायसी लागणार. बाबा म्हणाले गणपतीला येशील तेव्हा करू, आता बोट दाखवायला माझं एक बोट तर पक्कं झालंय.

आता फोनमधली नावं बदललीत. सेटिंगमध्ये लाईनवर टॅप करून लेबल स्वतःचं देता येतं हे मला माहीतच नव्हतं. माझ्या नंबरला "बाबांचा नंबर, पुसू नको" असं नाव दिलंय. फोन लावताना दर वेळी ते वर येतं आणि ऑफिसमध्ये स्क्रीन शेअर करताना सगळे हसतात. व्हिएतनामचं सिम अजून यादीत तसंच आहे, ऑफ करून. नवरा म्हणतो मी काढून देतो, मी म्हटलं राहू दे, काय खातंय का पितंय.